जादा भाडं न भरता वरचा वर्ग

उभं आयुष्य मी पोस्टाच्या काउंटरमागे काढलं. त्यामुळे माणूस कसा आहे हे मी त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाही, तो फॉर्म कसा भरतो त्यावरून ठरवते. काही जण चौकट फाडून बाहेर येईल अशी अक्षरं काढतात. नाव विचारलं तर हुद्दाही लिहितात, हुद्दा गेलेला असला तर आधी ‘माजी’ लिहितात. आणि काही जण जिथे काय लिहावं कळत नाही तिथे काहीच लिहीत नाहीत, फॉर्म आत सरकवतात आणि आपल्याकडे असं बघतात, जणू चौकट भरायची जबाबदारी आता तुमची. पहिल्या जातीची माणसं डोक्यात जातात. पण खरं सांगू का, मला जास्त चीड दुसऱ्या जातीची येते, कारण माझे दाजी त्या जातीचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. संगमनेरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. माणूस देवगुणी. देवगुणी असण्यात एक सोय असते, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. शेजाऱ्याने कंपाउंडची भिंत हातभर आत सरकवली तेव्हा दाजी काही बोलले नाहीत. नळावर कुणी भांडलं तर हे घरात जाऊन रेडिओ लावायचे. ताई म्हणायची, ‘शांत स्वभाव आहे गं.’ मी म्हणायचे, ‘शांत नव्हे, कोरा.’ ताई रागवायची.

या दोघांची एकुलती मुलगी म्हणजे माझी भाची. दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करते. दुधात कुणी काय मिसळलं हे तिला नळी हलवल्याबरोबर कळतं, आणि समोरचा कितीही मोठा गवळी असला तरी ती ते कागदावर लिहिते. बापाचं नाक आणि माझी जीभ घेऊन आली आहे, असं मी म्हणते. तिचं लग्न ठरलं आणि त्या लग्नाच्या निमित्ताने आमच्या घरात एक संचालक शिरले.

मुलाचे वडील एका पतसंस्थेचे संचालक होते. दोन निवडणुकांपूर्वी पडले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, गावात त्यांना अजून संचालकच म्हणायचं. न म्हटलं तर ते ऐकूच येत नाही. मीही त्यांना संचालक म्हणायचे, फक्त माझ्या म्हणण्यात काय असायचं ते ताईला कळायचं आणि ती मला चिमटा काढायची. मुलगा भोपाळला कारखान्यात इंजिनिअर. दिसायला बरा, बोलायला गोड, भाचीशी फोनवर तासन्‌तास हसायचा. तिला आवडला होता, हे महत्त्वाचं. सुपारी फुटली तेव्हा ठरलं की लग्न साधं करायचं, संगमनेरच्याच मंगल कार्यालयात, खर्च दोघांनी अर्धा अर्धा. ही अट भाचीची होती. मुलाने तिथल्या तिथे मान हलवली. संचालकांनीही हलवली, पण ती हलली की डुलली हे मला नीट दिसलं नाही.

मग निघालं की मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायचं. घर म्हणजे भोपाळमधला भाड्याचा फ्लॅट. संचालक म्हणाले, ‘आमी बी येतू. पावन्यांस्नी एकटं कसं धाडायचं?’ संगमनेरला रेल्वे नाही, माझं घर कोपरगावात, आणि दिल्लीकडे जाणारी सकाळची गाडी कोपरगावला थांबते. तेव्हा सगळे आधी शिर्डीला दर्शनाला आले, तिथून माझ्याकडे जेवायला, आणि जेवून आम्ही सगळे स्टेशनवर तिकिटं काढायला गेलो.

भाची म्हणाली होती, ‘मी मोबाईलवर काढते ना. बसल्या जागी होतं.’

संचालकांनी हात वर केला. ‘मोबाईलचं तिकीट म्हंजे हवा. काउंटरचं म्हंजे पक्कं. छापील.’

वर्ग कोणता यावरही त्यांचं भाषण झालं. दाजींनी हळूच ‘एसी’ असा शब्द उच्चारला होता, तो हवेतच विरला. ‘पैसा उडवायचा न्हाई. सलीपरनं जाऊ. आमी सादी मानसं.’ साधी माणसं म्हणून स्वतःच्या छातीवर हात ठेवताना त्यांच्या बोटातली अंगठी दिसली. ती अंगठी काही साधी नव्हती.

आम्ही सात जण होतो. आमच्याकडचे चार, ताई, दाजी, भाची आणि मी. त्यांच्याकडचे तीन, संचालक, विहीणबाई आणि संचालकांची विधवा बहीण, जिला सगळे आत्या म्हणायचे. एका फॉर्मवर सहाच नावं चालतात, म्हणून दोन फॉर्म लागणार होते. मी सुचवलं, बायका एका तिकिटावर घालू आणि दोघे पुरुष दुसऱ्या. विहीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना जेवणाच्या पंगतीत उलट्या बाजूला बसवायला निघाले होते. ‘वरपक्षाचं तिकीट येगळंच बरं,’ त्या म्हणाल्या. म्हणजे मानपानाने रेल्वेच्या तिकिटापर्यंत मजल मारली होती. दाजींनी मान हलवली आणि आपला फॉर्म घेऊन बाकावर बसले.

त्या फॉर्मवर एक चौकट असते. जादा भाडं न भरता वरच्या वर्गात जायची तुमची इच्छा आहे का, हो किंवा नाही लिहा. वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहिल्या आणि खालच्या वर्गात वेटिंगवाले ताटकळत असले, की पूर्ण भाडं भरलेल्या काही प्रवाशांना आपोआप वर ढकलतात आणि त्यांच्या जागा वेटिंगवाल्यांना देतात. वर जाणाऱ्याकडून एक रुपयाही जास्त घेत नाहीत. कुणाचा नंबर लागेल ते मशीन ठरवतं, लागेलच असंही नाही. सोय चांगली आहे.

संचालकांनी ती ओळ दोनदा वाचली, ओठ हलवत. मग मान उचलून आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ह्यात गोम हाय. आदी फुकट म्हनत्यात, मग गाडीत टीसी येऊन फरक मागतो. आन् दुसरं, आमी फुकटचं घेत न्हाई. उभ्या जल्मात घेतलं न्हाई.’ आणि चौकटीत त्यांनी ‘नाही’ लिहिलं. साधं नाही नव्हे, खाली दोन रेघा ओढलेलं.

पतसंस्थेच्या प्रत्येक वार्षिक सभेला सभासदांच्या जेवणाचे डबे त्यांच्या घरी जात, हे सगळ्या संगमनेरला माहीत होतं. पण फुकट ते पौष्टिक हे आपल्या घरात, लोकांसमोर मात्र तत्त्व.

खिडकीतल्या बाबूंनी आमचा फॉर्म बघून दाजींना विचारलं, ‘अपग्रेडचं काही लिहिलं नाही?’

दाजी म्हणाले, ‘ते... राहू द्या.’

‘राहू द्या म्हणजे? हो की नाही?’

दाजी नुसतं हसले. बाबू म्हणाले, ‘रिकामं ठेवलं तर हो धरतात, काका. मागाहून म्हणू नका.’ हे त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की रांगेतल्या मागच्या माणसानेही मान डोलावली. संचालक शेजारीच उभे होते. त्यांनीही ऐकलं. ऐकून हसले आणि म्हणाले, ‘पावन्यांचं कायम तळ्यात मळ्यात.’

भाची माझ्या कानात म्हणाली, ‘मोबाईलवर हीच एक छोटी चौकट असते, मावशी. खूण केली तर हो, नाही केली तर नाही. एवढं साधं असतं.’ ती बापाकडे बघत होती. दोन्ही तिकिटं स्लीपरची निघाली, एकाच डब्यात, जागा पक्क्या. मला खालचा बाक मिळाला म्हणून मी खूश होते, कारण माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी सगळे पुन्हा माझ्याकडे मुक्कामाला आले. चहा झाला, विहीणबाईंनी चहात आलं कमी आहे असं सांगून झालं, आणि तेवढ्यात दाजींच्या मोबाईलवर रेल्वेचा संदेश आला. दाजींनी तो वाचला आणि फोन उलटा करून मांडीखाली ठेवला. मला तेव्हाच कळलं, काहीतरी झालंय. भाचीने फोन काढून घेतला. चार्ट तयार झाला होता आणि आमचं तिकीट, चौघांचं अख्खं, थ्री टियर एसीत गेलं होतं. एका तिकिटावरचे सगळे एकदम जातात नाहीतर कुणीच जात नाही, तसे आम्ही चौघे गेलो होतो.

संचालकांचा तिकीट नंबर टाकून बघितला. ते होते तिथेच होते.

 आत्याबाई, त्या बिचाऱ्या भोळ्या, म्हणाल्या, ‘बरं झालं की! ह्येंचं नशीब.’ त्यांना विहीणबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं.

‘म्हंजे,’ संचालक सावकाश म्हणाले, ‘मुलीकडचे एसीत आन् मुलाकडचे सलीपरात.’

‘तुम्ही “नाही” लिहिलं होतं ना,’ मी म्हणाले. आता यात काय चुकलं माझं? पण ताईने चिमटा काढलाच.

‘आमी न्हाई लिहिलं तर तुमी बी न्हाई लिहायला पायजे हुतं! रीत हाय का न्हाई काई?’

 मशीनला मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण हे कुणी शिकवलंच नव्हतं. बिचारं मशीन. त्याने मुलीच्या बापाला वर बसवलं आणि वराच्या बापाला खाली, आणि हे करताना ते लाजलंसुद्धा नाही. मला तर वाटलं, आपल्याकडे शहाणपणाने चाललेली एवढी एकच गोष्ट आहे.

दाजींचा चेहरा मात्र बघवत नव्हता. चोरी करताना सापडल्यासारखे ते घामाघूम झाले होते. ‘साहेब, आम्ही तिकडे येतो. तुम्ही आमच्या जागेवर बसा,’ ते म्हणाले. भाचीने समजावलं की असं होत नाही, तिकिटावर नावं असतात, आणि आपल्या स्लीपरच्या जागा आता वेटिंगवाल्यांना गेल्या असणार. संचालक उठून गल्लीतल्या तिकीट एजंटकडे गेले आणि त्याला म्हणाले, आमच्या तिकिटावरचं ‘नाही’ काढून ‘हो’ कर. त्याने हात जोडले. तिकीट निघाल्यावर ती चौकट कोण बदलणार, आणि आता तर चार्टही होऊन गेला. परत येताना त्यांचा चेहरा पडलेल्या निवडणुकीच्या निकालाच्या रात्री जसा झाला असेल तसा होता. फुकटचं न घेणारा माणूस फुकटचं मिळालं नाही म्हणून कोपरगावच्या गल्लीत पाय आपटत फिरला, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मला ते आयुष्यभर पुरणार आहे.

सकाळी गाडीत आम्ही आपापल्या डब्यांत चढलो. आमचा डबा थंडगार, पांढऱ्या चादरी, पडदे. जागा कुठल्या मिळाल्या म्हणाल तर दोन मधल्या, दोन वरच्या. खालचा बाक एकही नाही. स्लीपरमध्ये पक्का मिळालेला माझा खालचा बाक गेला आणि वरच्या वर्गातला वरचा माळा नशिबी आला. वर्ग वरचा मिळतो, बाक कुठला मिळेल याची हमी कुणी दिलेली नसते. खालच्या बाकांवरचे दोघे प्रवासी सज्जन होते, दिवसा बसू दिलं त्यांनी, नाहीतर मी माळ्यावर चढताना भोपाळऐवजी वर गेले असते.

मनमाड सुटल्यावर संचालक आमच्या डब्यात आले. पाठीमागे विहीणबाई, आणि सगळ्यांत मागे आत्याबाई दशम्यांची पिशवी घेऊन. संचालकांनी आल्या आल्या चादर चाचपली. एसीच्या जाळीकडे बघितलं. ‘हां. आसं हाय व्हय,’ असं म्हणून दाजींच्या शेजारी बूट काढून मांडी घालून बसले. ते उठणार नाहीत हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

टीसी आले, चाळिशीचे, मराठीच. त्यांनी आमची ओळखपत्रं बघितली, यादीवर खुणा केल्या. मग संचालकांकडे वळले. संचालकांनी तिकीट दाखवलं.

‘काका, हे स्लीपरचं आहे. तुमच्या डब्यात जा.’

‘हे आमचे व्याही हायेत. मी माजी संचालक हाय.’

‘असाल. पण नाव या डब्याच्या यादीत नाही.’

‘मग ह्यांच्या दोगांना तिकडं धाडतो, आमी हितं बसतो.’

‘त्यांच्या तिकडच्या जागा वेटिंगवाल्यांना दिल्यात, तिथं माणसं झोपलीत. असं आपसात बदलता येत नाही.’

दाजी घाईने म्हणाले, ‘फरक भरून काही...?’

‘जागा रिकामी असती तर बघितलं असतं. आज एकही नाही.’ मग टीसी संचालकांना समजुतीने म्हणाले, ‘फॉर्मवर तुम्हीच नको म्हणून लिहिलं असेल ना? मग मशीन तुमचा विचारच करत नाही. पुढच्या वेळी हो लिहा. लागला तर लागला नंबर.’

इतकं सरळ, इतकं सभ्य बोलणं. पण समोरच्या बाकावरचे दोघे ऐकत होते, बाजूच्या पडद्याआडून एक मुलगी डोकावत होती, आणि संचालक मोजे घालत होते. मोजे घालता घालता माणसाला राग व्यक्त करायला फार अडचण होते. एक मोजा उलटा गेला. आणि तिथे, त्या उलट्या मोज्यावर, त्यांनी सगळं काढलं.

‘पावनं, आता ऐका. तुमच्या मुलीला वरच्या वर्गाची सवय लागली. ब्येस झालं. मग लगीन बी वरच्या वर्गाचं करा. ते संगमनेरचं कार्यालय न्हाई चालायचं. शिर्डीला मोठ्या हाटेलात करायचं, आमची समदी मानसं येतील, आन् सगळं तुमी करायचं. अर्ध-बिर्ध काई न्हाई. माझा चारचौघात अपमान झालाय, त्यो असा भरून निघंल. भुसावळ यायच्या आत कळवा.’

आणि ते गेले. विहीणबाई जाताना म्हणाल्या, ‘ह्यांच्या मनाला लई लागलंय हो.’ आत्याबाईंनी दशम्यांची पिशवी आमच्याकडेच ठेवली, ‘खावा गं पोरींनो’ म्हणाल्या आणि लगबगीने त्यांच्या मागे गेल्या.

मी म्हणाले, ‘बघितलंस ताई? जादा भाडं न भरता वरचा वर्ग. फॉर्मवर नाही लिहिलं, आणि लग्नात हो.’ ताई रडायला लागली. दाजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या होत्या आणि दाजी त्या बागा इतक्या लक्ष देऊन बघत होते की जणू विकतच घ्यायच्या आहेत.

‘दाजी,’ मी म्हणाले, ‘काय सांगायचं त्यांना?’

‘बघू.’

‘काय बघू?’

‘बघू ना. लग्न मोडायचं का एवढ्यावरून? काढू काहीतरी. फंडाचे आहेत थोडे.’ आणि पुन्हा खिडकी.

मला त्या क्षणी संचालकांपेक्षा दाजींचा राग जास्त आला, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. संचालकासारखी माणसं असतातच. पण ती फुगतात कुणाच्या श्वासाने? दाजींसारख्यांच्या गप्प बसण्याने. शेजाऱ्याची भिंत हातभर आत आली ती अशीच. आता मुलगीच हातभर आत सरकवायची वेळ आली आणि हे गृहस्थ केळी बघताहेत.

भाची मात्र रडत नव्हती. तिने फोन काढला आणि मुलाला लावला, आमच्यासमोरच, स्पीकर चालू ठेवून. ‘मावशी, तूही ऐक,’ म्हणाली. मुलाला सगळं आधीच कळलं होतं. वडिलांचा फोन येऊन गेला होता.

‘अगं, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे,’ तो म्हणाला. आवाज गोडच होता. ‘तू असं कर, थोडा वेळ त्यांच्या डब्यात जाऊन बस. आईला चहा वगैरे विचार. त्यांना बरं वाटेल.’

‘बसेन. चहा पण विचारेन,’ भाची म्हणाली. ‘ते नंतर. आधी एक सांग. अर्धा-अर्धा खर्च, साधं लग्न, हे आपण दोघांनी ठरवलं होतं. तुझे बाबा म्हणतात सगळं आमच्याकडे, शिर्डीच्या हॉटेलात. तुझं काय म्हणणं आहे?’

‘बघू ना. बोलतो मी त्यांच्याशी.’

‘त्यांचं मला कळलं. तुझं विचारतेय. हो की नाही?’

 मला आठवतं, ताईने पदर तोंडाशी धरला होता. तिला हे लग्न हवं होतं. मलाही, खोटं कशाला बोलू, तो ‘नाही’ म्हणाला असता तर मी त्या पोराची दृष्ट काढली असती.

‘असं एकदम कसं सांगणार?’ तो शेवटी म्हणाला. ‘तू पण ना. बघू, भोपाळला आल्यावर बोलू.’

भाची म्हणाली, ‘बरं.’ आणि फोन ठेवला. तिने नळी हलवली होती आणि तिला कळलं होतं.

 तिचं नाक लाल झालं होतं. मग ती बापाकडे वळली. ‘पप्पा, आपण भुसावळला उतरू. मला हे लग्न करायचं नाही.’

‘अगं, तो हो कुठं म्हणाला?’ दाजी म्हणाले.

‘नाही तरी कुठं म्हणाला?’ तिने विचारलं. ‘तो काहीच म्हणाला नाही पप्पा. उद्या आई आजारी पडली, माझी नोकरी सोडायची वेळ आली, काहीही झालं तरी तो असाच काहीच म्हणणार नाही. आणि जे त्याचे बाबा म्हणतील ते होणार. घरात असं एक माणूस बघत मी मोठी झालेय. दुसरं नको.’

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली. ताईने मान खाली घातली. माझी जीभ, जी कधी आत राहत नाही, ती आत राहिली. आपण वर्षानुवर्षं जे टोचून बोलतो ते एखादं लेकरू एकदाच, न टोचता बोलतं, आणि मग आपलं सगळं बोलणं पोकळ वाटायला लागतं.

 दाजींनी वाकून बाकाखालच्या चपला शोधल्या, घातल्या, सदरा खाली ओढला. ‘सामान काढून ठेवा,’ म्हणाले. आणि निघाले. मी मागोमाग गेले. मला वाटलं, हे आता जाऊन त्यांचे पाय धरतील, आणि तसं झालं तर मला मध्ये पडायला लागेल. डबे ओलांडता ओलांडता माझे गुडघे बोलायला लागले, पण दाजी काही थांबले नाहीत.

स्लीपरचा डबा भरलेला होता. आमच्या जुन्या जागांवर, वेटिंगमधून जागा मिळालेलं एक कुटुंब आनंदात भेळ खात होतं. समोर संचालक खिडकीशी बसले होते, विहीणबाई कांदा चिरत होत्या. दाजींना बघून संचालकांनी पाय खाली घेतले नाहीत. फक्त आत्याबाईंनी सरकून जागा केली.

‘बसा पावनं. इचार केला न्हवं?’

दाजी बसले नाहीत. वरच्या बाकाची साखळी धरून उभे राहिले. साखळी वाजत होती. पण आवाज ठीक होता.

‘साहेब, आम्ही भुसावळला उतरतोय. आमचं उत्तर नाही.’

‘कशाला न्हाई? हाटेलाला?’

‘हॉटेलाला नाही. सोयरिकीलाच नाही.’

विहीणबाईंची सुरी थांबली. संचालक आधी माझ्याकडे बघायला लागले, ही बया शिकवून घेऊन आली अशा नजरेने. मग ओरडले, ‘आवो, मग आदी का न्हाई बोललात? सुपारीला बसला, गप. तिकिटाला उभा राह्यला, गप. काल घरात गप. इतके दिस तुमी एक शबूद बोलला न्हाई!’

‘खरं आहे तुमचं,’ दाजी म्हणाले. ‘चौकट रिकामी होती. तुम्ही हो धरलंत.’